७९ आणि ८० यांच्यामधला एक मार्क: पुनर्तपासणीच्या एका पत्राचं प्रकरण

बेळगाव परिसरातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजातलं हे प्रकरण. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, सिव्हिलच्या चौथ्या सेमला होती. विषय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, चार क्रेडिटचा. निकालात तिला १०० पैकी ७९ पडले आणि ग्रेड आली ‘ए’. ८० पडले असते तर ‘ए प्लस’ मिळाली असती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात पत्राचा कच्चा मसुदा होता आणि तोंडात एकच वाक्य, ‘सर, एकच मार्क पाहिजे होता की.’

मी त्या विषयाचा प्राध्यापक नाही. पण अशी पत्रं दोन्ही बाजूंनी बरीच पाहिली आहेत, म्हणून तिच्यासोबत बसलो. तिच्या मसुद्यात आजारपण होतं, घरची परिस्थिती होती, रोजचा खानापूर-बेळगाव प्रवास होता आणि शेवटी ‘कृपया एक मार्क वाढवून सहकार्य करावे’ अशी विनंती होती. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण ते वाचून प्राध्यापकाने करायचं काय? मार्क वाढवायचा तर तो उत्तरपत्रिकेतल्या कुठल्या तरी ओळीवर वाढवावा लागतो. ती ओळ पत्रात नव्हती.

म्हणून पत्र बाजूला ठेवलं आणि आधी तिचे ७९ कुठून आले ते कागदावर मांडलं. प्रत्येक विद्यार्थ्याने हे निकाल लागल्या दिवशीच करावं असं माझं मत आहे, पण सहसा कुणी करत नाही.

आमच्याकडे १०० पैकी ५० मार्क इंटर्नल्सचे आणि ५० सेमच्या शेवटच्या परीक्षेचे. शेवटचा पेपर १०० मार्कांचा होतो आणि त्याचे निम्मे धरतात. या कॉलेजात इंटर्नल्सच्या ५० पैकी ३० दोन टेस्टचे आणि २० असाइनमेंटचे. टेस्ट ५०-५० मार्कांच्या असतात, त्यांची सरासरी काढून ती ३० वर आणतात. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक धरतात, मात्र तो दोनच ठिकाणी: इंटर्नल्सच्या बेरजेला आणि पेपर निम्मा केल्यावर. हे ‘दोनच ठिकाणी’ नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे.

तिच्या टेस्टचे मार्क ३८ आणि ३६. सरासरी ३७, ती ३० वर आणली की २२.२. असाइनमेंटचे १९. बेरीज ४१.२, म्हणजे इंटर्नल्स ४२. शेवटच्या पेपरात ७४, त्याचे निम्मे ३७. एकूण ७९.

आता तिची तक्रार. पहिल्या टेस्टच्या उत्तरवहीत, म्हणजे ब्ल्यू बुकमध्ये, बेरजेत दोन मार्क कमी धरले गेलेत असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर निघालं. तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं. मला मात्र आकडे बघताक्षणी वाटलं की या दोन मार्कांनी काही होणार नाही. ३८ चे ४० केले तर सरासरी ३८, ३० वर आणली की २२.८, त्यात १९ मिळवले की ४१.८. वरचा पूर्णांक पुन्हा ४२ च. म्हणजे चूक खरी, मार्क खरे, पण पूर्णांकाच्या नियमात ते दोन्ही मार्क विरून जातात. तिथे इंटर्नल्स ४३ व्हायला टेस्टमध्ये तीन मार्क वाढावे लागले असते. शिवाय इंटर्नल्सच्या यादीवर परीक्षेआधीच विद्यार्थ्यांच्या सह्या घेतलेल्या असतात. सही करून झाल्यावर ते दार उघडायला सांगणं म्हणजे वेगळंच भांडण.

शेवटच्या पेपराचं गणित नेमकं उलटं निघालं. तिथे ७४ चे ७५ झाले की निम्मे ३७.५, आणि वरचा पूर्णांक ३८. एकूण ८०. म्हणजे १०० मार्कांच्या पेपरात फक्त एक मार्क वाढला की ग्रेड ‘ए’ची ‘ए प्लस’ होते. टेस्टमधले दोन मार्क शून्य किमतीचे आणि पेपरातला एक मार्क अख्ख्या ग्रेडच्या किमतीचा. किती मार्क गेले यापेक्षा ते कुठे गेले हे आधी बघायचं ते यासाठीच.

ग्रेडचे पट्टे आमच्याकडे असे: ७० ते ७९ ला ‘ए’, म्हणजे ८ ग्रेड पॉइंट, आणि ८० ते ८९ ला ‘ए प्लस’, म्हणजे ९. त्यामुळे ७० मिळवणारा आणि ७९ मिळवणारी गुणपत्रिकेवर एकाच रांगेत बसतात, आणि ७९ व ८० मध्ये मात्र पूर्ण एक पॉइंटचं अंतर पडतं. मला स्वतःला ही पद्धत फारशी पटत नाही. पण पत्र लिहिताना पद्धतीवर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण ती प्राध्यापकाच्या हातात नसते.

तिने विचारलं की यात मार्क कमी झाले तर? प्रश्न रास्त होता, कारण पुनर्तपासणीत सगळा पेपर पुन्हा बघतात आणि आकडा खालीही जाऊ शकतो. त्याचं उत्तर गणितातच होतं. ७३ झाले तर निम्मे ३६.५, वरचा पूर्णांक ३७, एकूण ७९ च. ७० झाले तरी एकूण ७७, ग्रेड ‘ए’च. ‘ए’ सुटून खाली ‘बी प्लस’वर यायला पेपराचे मार्क ५४ पर्यंत घसरावे लागले असते, म्हणजे वीस मार्क. पट्ट्याच्या वरच्या टोकाला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला वर जायला एक मार्क पुरतो आणि खाली पडायला वीस लागतात. अशा जागी असताना पेपर बघायला न मागणं हाच तोटा.

कॉलेजात उत्तरपत्रिका बघायला एक दिवस ठरलेला असतो. ती गेली. मी तिला एवढंच सांगितलं होतं की मार्क मोजू नकोस, स्कीम मागून घे. स्कीम ऑफ व्हॅल्युएशन म्हणजे प्रत्येक पायरीला किती मार्क द्यायचे याचा तक्ता. तो शेजारी ठेवल्याशिवाय ‘मला कमी दिले’ या वाक्याला वजन येत नाही. तिने स्कीम उतरवून आणली आणि तिचं बोट बीमच्या एका प्रश्नावर थांबलं. दहा मार्कांचा उपप्रश्न, तिला मिळाले होते दोन.

प्रश्न असा होता. सहा मीटर लांबीचा सिम्पली सपोर्टेड बीम, डावं टोक ए, उजवं टोक बी. डावीकडच्या तीन मीटरवर दर मीटरला २० किलोन्यूटन असा पसरलेला भार आणि बी पासून एक मीटरवर ३० किलोन्यूटनचा एकवट भार. टेकूंच्या प्रतिक्रिया काढा, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढा, सर्वांत मोठा मोमेंट कुठे आणि किती ते सांगा. बरोबर उत्तर: ए ची प्रतिक्रिया ५०, बी ची ४०, शिअर शून्य होतो ए पासून २.५ मीटरवर, आणि तिथे मोमेंट ६२.५ किलोन्यूटन-मीटर.

तिने आकृती उतरवताना एक मीटरऐवजी दोन मीटर लिहिले होते. चूक तिचीच, त्यात दुमत नाही. पण तिथून पुढे तिने जे केलं ते तिच्या आकृतीला धरून अचूक होतं. ए ची प्रतिक्रिया ५५, बी ची ३५. शिअर शून्य होण्याची जागा ५५ भागिले २०, म्हणजे २.७५ मीटर. तिथला मोमेंट १५१.२५ वजा ७५.६३, म्हणजे ७५.६३ किलोन्यूटन-मीटर. आणि शेवटी बी टोकाला मोमेंट शून्यावर आला होता. हा शेवटचा मुद्दा फार कामाचा. प्रतिक्रिया काढतानाच गणित चुकलं असतं तर आकृती बी टोकाला शून्यावर मिटली नसती, हवेत लटकून राहिली असती. तिची आकृती मिटत होती. याचा अर्थ पद्धत बरोबर होती, फक्त सुरुवातीचा एक आकडा चुकीचा उतरला होता.

तपासणाऱ्याने उत्तरांचे आकडे स्कीमशी ताडून बघितले, एकही जुळला नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर काट मारली. प्रतिक्रियांच्या दोनपैकी एक दिला, शिअरच्या आकृतीच्या तीनपैकी एक दिला, बाकी शून्य. दिवसाला पेपरांचा गठ्ठा संपवायचा असतो तेव्हा असं होतं, मी समजू शकतो. पण त्याच स्कीमच्या तळाशी एक ओळ होती: आधीच्या पायरीतली चूक पुढे आल्यास पुढच्या पायऱ्यांचे मार्क पुन्हा कापू नयेत. सगळं पत्र या एका ओळीवर उभं राहणार होतं.

इथे एक अडचण होती, ती मी तिला आधीच सांगितली. आकडा चुकीचा उतरवल्याने प्रश्न सोपा होत असेल तर बरेच परीक्षक पुढच्या पायऱ्यांचे मार्क पूर्ण देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. उदाहरणार्थ, तिने एकवट भार नेमका बी टेकूवरच धरला असता तर त्याचा मोमेंटशी संबंधच उरला नसता आणि अर्धं काम वाचलं असतं. एकऐवजी दोन मीटर धरल्याने तसं काही वाचलं नव्हतं. पायऱ्या तेवढ्याच होत्या, आकडे उलट थोडे अवघड झाले होते. ही गोष्ट पत्रात यायला हवी होती, कारण विषयाच्या सरांच्या मनात पहिली शंका तीच येणार.

मग तिने पत्र नव्याने लिहिलं. कॉलेजचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, त्यामुळे सरांकडे गेली ती इंग्रजी प्रत. खाली आहे तो तिने आधी वहीत मराठीत लिहिलेला मजकूर, नाव आणि क्रमांक काढून.

‘विषय: स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, चौथी सेम, एका उपप्रश्नाच्या पुनर्तपासणीबाबत.

आदरणीय सर,

मी चौथ्या सेमची विद्यार्थिनी. ठरलेल्या दिवशी मी माझी उत्तरपत्रिका आणि आपली स्कीम पाहिली. बीमवरच्या दहा मार्कांच्या उपप्रश्नात मला दोन मार्क आहेत. त्याबद्दल ही विनंती.

आकृती उतरवताना ३० किलोन्यूटनचा भार बी पासून एक मीटरऐवजी दोन मीटरवर दाखवला गेला, ही माझी चूक आहे. प्रतिक्रियांच्या पायरीत त्यासाठी एक मार्क कापला गेला आहे आणि तो मला मान्य आहे.

त्या आकृतीप्रमाणे पुढचं काम मी पुन्हा तपासलं. ए ची प्रतिक्रिया ५५ आणि बी ची ३५ येते. शिअर २.७५ मीटरवर शून्य होतो आणि तिथे मोमेंट ७५.६३ येतो. बी टोकाला मोमेंट शून्य होतो. उत्तरपत्रिकेत हेच आकडे आहेत. भाराची जागा बदलल्यामुळे एकही पायरी कमी झालेली नाही.

स्कीमच्या शेवटच्या सूचनेनुसार पुढे आलेल्या चुकीचे मार्क पुन्हा कापू नयेत असं आहे. त्या सूचनेप्रमाणे शिअरची आकृती, शून्य शिअरची जागा आणि मोमेंट या तीन पायऱ्या पुन्हा पाहाव्यात, ही विनंती.

माझे इंटर्नल्स ४२ आणि पेपरचे ७४ आहेत, एकूण ७९. पेपरात एक मार्क वाढला तरी एकूण ८० होऊन ग्रेड ए ऐवजी ए प्लस होते. ही माहिती फक्त नोंदीसाठी देत आहे. मार्क वरच्या तीन पायऱ्यांच्या कामावरच ठरावेत. पूर्ण पेपर पुन्हा पाहिला जाईल आणि मार्क कमीही होऊ शकतात याची मला कल्पना आहे.

उत्तरपत्रिकेतल्या त्या दोन पानांची प्रत आणि स्कीमची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी’

ग्रेडचं गणित पत्रात ठेवावं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. तिला ते पहिल्या ओळीत हवं होतं. एका सहकाऱ्याचं मत होतं की ते मुळीच नको, वाचणाऱ्याला वाटतं मुलगी मार्क मागायला आलीय. माझं म्हणणं मधलं होतं, आणि ते मी अजून बदललेलं नाही. गणित द्यावं, कारण परीक्षा विभागात शिफारस पाठवताना प्राध्यापकाला ‘निकालात बदल होतो की नाही’ हे लिहावं लागतं. सुटा एक मार्क वाढवायला कोण कशाला फाइल हलवेल? पण ते पायऱ्यांच्या नंतर यावं आणि चार वाक्यांत संपावं. आधी आलं की पुढचं सगळं त्या एका मार्कासाठी जुळवून आणल्यासारखं दिसतं.

तिने सेमच्या ग्रेडचा हिशेबही लिहायचं म्हटलं होतं. तो आम्ही पत्रातून काढून टाकला. पण हिशेब म्हणून सांगण्यासारखा आहे. तिच्या सेमला २० क्रेडिट, सगळ्या विषयांचे मिळून १५६ पॉइंट, म्हणजे सेमची सरासरी, एसजीपीए, ७.८०. हा विषय चार क्रेडिटचा, एक ग्रेड वर गेली की चार पॉइंट वाढतात: १६० भागिले २०, बरोबर ८.००. एक मार्क, आणि एसजीपीए ०.२० ने वर. हेच चार सेमच्या ८० क्रेडिटवर पसरलं की सीजीपीए फक्त ०.०५ ने वाढतो. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बघतात तो सीजीपीए, आणि तिचा कुठल्याच कटऑफच्या काठावर नव्हता. म्हणजे ज्या कारणासाठी ती एवढी कासावीस झाली होती, त्याला या ग्रेडने फारसा फरक पडणार नव्हता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘असू दे सर, बरोबर लिहिलंय ते बरोबर धरायला पाहिजे.’ यावर मला बोलायला काही उरलं नाही.

सरांनी पेपर पुन्हा बघितला तो पत्रातल्या क्रमानेच. शिअरच्या आकृतीला तीनपैकी दोन दिले, कारण भारानंतरची वजा ३५ ही किंमत आकृतीवर लिहायची राहिली होती. शून्य शिअरच्या जागेला दोनपैकी दोन. मोमेंटला तीनपैकी दोन. तिथे एक मार्क गेला तो रास्त गेला: पसरलेला भार तीन मीटरवर संपतो, त्यानंतर एकवट भारापर्यंत मोमेंटची रेषा सरळ असायला हवी, आणि तिने ती वक्रच पुढे नेली होती. आकडे बरोबर, रेषा चुकीची. पत्रात तिने आकडेच तपासले होते, रेषेकडे तिचंही लक्ष गेलं नव्हतं आणि माझंही. त्या उपप्रश्नाचे दोनाचे सात झाले.

मग नियमाप्रमाणे बाकीचा पेपरही पुन्हा तपासला गेला, आणि एका व्याख्येच्या उत्तरात आधी जास्त दिलेला एक मार्क कमी झाला. ७४ मध्ये पाच मिळवले, एक वजा केला: ७८. निम्मे ३९, इंटर्नल्स ४२, एकूण ८१. ग्रेड ‘ए प्लस’. ब्ल्यू बुकमधले दोन मार्क जिथे होते तिथेच राहिले. त्याबद्दल कुणी अर्जही केला नाही.

हे कळल्यावर तिच्याच वर्गातला निपाणीकडचा एक मुलगा तेच पत्र घेऊन माझ्याकडे आला. नाव आणि प्रश्न बदलून द्यायचं होतं. त्याचे इंटर्नल्स ४३, पेपर ७३, एकूण ८०. एका प्रश्नात दोन मार्क कमी पडलेत असं त्याला वाटत होतं, आणि स्कीम बघता कदाचित ते मिळालेही असते. मी त्याच्यापुढे दोन आकडे मांडले. ‘ओ’ ग्रेडला ९० लागतात, म्हणजे पेपरात किमान वीस मार्क वाढायला हवेत: ७३ चे ९३ झाले तर निम्मे ४६.५, वरचा पूर्णांक ४७, आणि ४३ मिळवून ९०. उलट ७३ चे ७२ झाले, एकच मार्क कमी झाला, तरी निम्मे ३६, एकूण ७९, आणि हातातली ‘ए प्लस’ गेली. त्याने दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले, पत्राची घडी घातली आणि अर्ज केला नाही.